अंघोळीच्या मध्येच दिवा का विझतो? हालचालीबरोबर दारालाही विचारा

तोंडाला साबण लागलेला आहे, डोळे मिटलेले आहेत आणि बाथरूममधला दिवा आपोआप विझतो. मग ओल्या फरशीवर उभं राहून हात हलवायचा, म्हणजे भिंतीवरच्या सेन्सरला आपण दिसू आणि दिवा पुन्हा लागेल. ऑफिसच्या टॉयलेटमध्ये हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. तिथे त्याचं हसू होतं. पण माझ्या सत्तरीच्या मावशीच्या घरी हेच रोज होऊ लागलं, तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. या वयात अंधारात, ओल्या फरशीवर, स्टुलावरून उठणं म्हणजे पडण्याला आमंत्रण.

घरच्यांनी आधी सगळे करतात तेच केलं. सेन्सर बदलला, मग टायमर २ मिनिटांवरून १५ मिनिटांवर नेला. अंघोळीत दिवा विझणं थांबलं, पण दुपारी कुणी नसताना दिवा लागू लागला आणि एकदा लागला की पाव तास जळत राहू लागला. शेवटी मावशीने वायरमनला बोलावून ‘हे काढून टाक आणि साधं बटण दे’ असं सांगितलं. तिचं चूक नव्हतं. पण माझं मत असं, की दोष सेन्सरच्या किमतीत किंवा कंपनीत नव्हता. एकाच साक्षीदाराच्या एका शब्दावर निकाल दिला जात होता, ही खरी अडचण होती. दारावर एक साधा चुंबकाचा सेन्सर लावून दोघांची साक्ष एकत्र घेतली, तर हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. कसा, ते पाहू.

हालचालीचा सेन्सर नेमकं काय पाहतो?

भिंतीवर किंवा छताला दिसणाऱ्या पांढऱ्या, जाळीदार घुमटाच्या सेन्सरला पीआयआर म्हणतात. तो माणूस ओळखत नाही. आपल्या शरीरातून सतत उष्णतेचे अदृश्य किरण बाहेर पडत असतात. सेन्सरच्या आत हे किरण टिपणारे दोन भाग असतात आणि बाहेरचा प्लॅस्टिकचा घुमट समोरच्या जागेच्या फाका पाडतो. गरम वस्तू एका फाकेतून दुसऱ्या फाकेत गेली, की दोन भागांवर पडणाऱ्या उष्णतेत फरक पडतो. तो फरक म्हणजे ‘हालचाल’.

यातून दोन गोष्टी आपोआप येतात. पहिली म्हणजे, माणूस स्थिर बसला की फरक पडत नाही आणि सेन्सर गप्प होतो. काच आणि शॉवरचा पडदा यांच्या पलीकडचं तर त्याला जवळपास दिसतच नाही, कारण हे किरण काचेतून जात नाहीत. शिवाय उन्हाळ्यात भिंती तापून शरीराच्या कातडीइतक्या गरम झाल्या, की माणूस आणि भिंत यांच्यातला फरकच कमी होतो. नागपूरच्या मे महिन्यात तोच सेन्सर डिसेंबरपेक्षा मंद वाटतो, तो त्यामुळे.

दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. माणूस नसतानाही उष्णता हलली, तर सेन्सर ओरडतो. झरोक्यातून आलेला उन्हाचा पट्टा, एक्झॉस्ट फॅन बंद असताना त्यातून घुसलेली गरम हवेची झुळूक, गरम पाण्याची वाफ, अगदी पाल सेन्सरवरून गेली तरी ‘हालचाल’ नोंदवली जाते.

म्हणजे हा सेन्सर ‘हलतंय’ म्हणाला, तर ते बहुतेक वेळा खरं असतं. पण तो गप्प बसला, तर त्यावरून ‘कुणी नाही’ असा अर्थ काढता येत नाही. घराघरांत आणि ऑफिसांत लावलेले टायमर नेमका हाच अर्थ काढतात.

दाराचा सेन्सर काय सांगतो?

दाराचा सेन्सर त्याहून साधा. चौकटीवर काचेच्या बारीक नळीत दोन लवचीक धातूच्या पट्ट्या असतात, दाराच्या पल्ल्यावर चुंबक असतो. दार लागलं की चुंबक जवळ येतो आणि पट्ट्या चिकटतात. दार उघडलं की त्या सुटतात. त्याला माणसाबद्दल काहीच कळत नाही. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, दोघं गेले की एक, हे तो सांगू शकत नाही.

तोही चुकतो. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, नीट बसत नाही आणि चुंबक काठावर राहतो. मग वाऱ्याने दार किंचित हललं तरी ‘उघडलं, लागलं, उघडलं’ अशी नोंद होते. लोखंडी चौकटीत चुंबकाचा जोर कमी पडतो. बॅटरी संपली, तर तो शेवटचं जे सांगितलं त्यावरच अडून बसतो.

आता मुद्द्याची गोष्ट. हे दोघंही खोटं बोलतात, पण त्यांची खोटं बोलण्याची कारणं वेगळी आहेत. ऊन आल्यामुळे दार उघडत नाही. दार फुगल्यामुळे बाथरूममध्ये गरम वस्तू हलत नाही. म्हणून दोघांनी एकाच वेळी, एकमेकांना जुळेल अशा क्रमाने खोटं बोलणं फार दुर्मीळ. एकाच जातीचे दोन पीआयआर शेजारी लावले, तर हा फायदा मिळत नाही. उन्हाची तिरीप दोघांनाही एकदमच फसवते.

डब्यातली गांधीलमाशी

घरी स्वतःच असली यंत्रणा जुळवणारे हौशी लोक या युक्तीला ‘डब्यातली गांधीलमाशी’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाने ओळखतात. डब्यात माशी गुणगुणताना ऐकू आली आणि झाकण लागलेलं आहे. थोड्या वेळाने गुणगुण थांबली. माशी गेली का? नाही, ती बसली आहे. झाकण उघडेपर्यंत ती आतच असणार.

बाथरूमचंही तसंच. दार लागल्यानंतर आत हालचाल दिसली, म्हणजे माणूस आत आहे. यापुढे तो किती वेळ स्थिर बसला, याला महत्त्व नाही. दार उघडेपर्यंत तो आतच आहे. इथे टायमर चालवायचाच नाही.

कल्पना एवढीच आहे. पण ती जशीच्या तशी बसवली, तर ती दोन ठिकाणी फसते आणि पहिल्याच आठवड्यात लोक कंटाळून ती काढून टाकतात.

पहिली फसगत : बाहेर पडणाऱ्याची सावली

पीआयआरने हालचाल पाहिली, की तो काही सेकंद ‘हालचाल आहे’ असंच सांगत राहतो. वायरच्या स्वस्त सेन्सरवर हा काळ छोट्या स्क्रूने कमीजास्त करता येतो. एचसी-एसआर५०१ या हौशी लोकांमध्ये प्रसिद्ध मॉड्यूलवर तो साधारण ३ सेकंदांपासून ५ मिनिटांपर्यंत जातो.

आता मावशी बाहेर पडते आणि मागे दार लावते. दार लागलं, पण सेन्सर अजून तिचीच, मघाची हालचाल सांगतो आहे. यंत्रणा समजते, ‘दार लागल्यावर हालचाल दिसली, म्हणजे कुणीतरी आत आहे.’ मग दार पुन्हा उघडेपर्यंत रिकाम्या बाथरूममध्ये दिवा जळत राहतो.

उपाय साधा आहे. सेन्सरचा हा काळ सर्वांत कमी, समजा ५ सेकंद ठेवायचा. आणि दार लागल्यानंतर त्याहून थोडा जास्त वेळ, म्हणजे ८ सेकंद, सेन्सरचं काहीही ऐकायचं नाही. आठव्या सेकंदानंतरही तो ‘हालचाल’ म्हणत असेल, तरच ती आतल्या माणसाची.

बॅटरीवरच्या सेन्सरची इथे वेगळी खोड आहे. बॅटरी वाचवण्यासाठी त्यातले बरेच जण एकदा हालचाल कळवली की मिनिटभर गप्प बसतात. तसा सेन्सर असेल, तर ८ सेकंद पुरणार नाहीत. सगळे आकडे त्या मिनिटाच्या हिशेबाने वाढवावे लागतात. ‘कुणी तरी सांगितलं म्हणून ८ टाकले’ असं केलं, की यंत्रणा बिघडली असं वाटतं आणि बिघडलेलं काहीच नसतं.

दुसरी फसगत : रिकाम्या खोलीतली एक खोटी हाक

दुपारी बाथरूम रिकामं आहे, दार लागलेलं आहे. झरोक्यातून ऊन सरकतं आणि पीआयआर एकदा ओरडतो. आपला नियम काय म्हणतो? दार लागलेलं, हालचाल दिसली, म्हणजे माणूस आत, आणि दार उघडेपर्यंत दिवा चालू. साध्या टायमरवर ही चूक १५ मिनिटांत संपली असती. इथे ती संध्याकाळपर्यंत चालेल. एका खोट्या नोंदीची शिक्षा आपण उलट वाढवून ठेवली.

म्हणून तिसरी अवस्था लागते. खोली ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर न थांबता, तिच्यासाठी ‘खात्री नाही’ अशीही एक अवस्था ठेवायची. नियम मग असे होतात.

दार उघडलं, की ‘खात्री नाही’. दिवा लगेच लावायचा.

दार लागलं, की ८ सेकंद थांबायचं आणि पुढची २ मिनिटं लक्ष ठेवायचं. या काळात हालचाल दिसली, तर ‘आहे’, आणि दार उघडेपर्यंत ‘आहे’च. दिसली नाही, तर ‘नाही’, आणि दिवा बंद.

एकदा ‘नाही’ ठरलं आणि दार उघडलेलंच नाही, तर पीआयआरच्या एकट्या हाकेकडे दुर्लक्ष करायचं. बंद दारातून कुणी आत येऊ शकत नाही.

पण ‘नाही’ हा निकालच चुकला असेल तर? म्हणून एक खिडकी उघडी ठेवायची. मिनिटभरात दोन वेगवेगळ्या हाका आल्या, तर दिवा लावून पुन्हा ‘खात्री नाही’वर जायचं आणि शेवटच्या हालचालीनंतर ५ मिनिटांनी बंद करायचं. सरळ ‘आहे’ म्हणायचं नाही. कारण या दोन्ही हाका एकाच सेन्सरच्या आहेत. हलणारं ऊन किंवा वाफ त्याला लागोपाठ दोनदाही फसवू शकते.

यामागचा विचार लक्षात घ्या. दिवा लावायला एक कच्चा पुरावाही पुरतो, कारण रिकाम्या खोलीत दोन मिनिटं दिवा जळाला तर फारसं बिघडत नाही. दिवा विझवायला मात्र पक्का पुरावा हवा, कारण ती चूक माणसाला अंधारात सोडते. दोन चुकांची किंमत सारखी नाही, म्हणून नियमही सारखे असू नयेत.

मावशीची एक सकाळ, सेकंदासह

हे सगळं एका सकाळीवर लावून पाहू.

७ वाजून १० मिनिटांनी दार उघडतं. दिवा लगेच लागतो. ५ सेकंदांनी दार लागतं. त्यानंतरची ८ सेकंदं यंत्रणा कानावर हात ठेवून बसते. ७:१०:२० ला मावशी बादलीखाली नळ सोडायला वाकते, पीआयआर हालचाल सांगतो. ‘आहे’ हे ठरलं.

७:१२ ला ती स्टुलावर बसते. बेसिनच्या वर लावलेल्या सेन्सरला तो कोपरा नीट दिसत नाही. पुढची ९ मिनिटं तो गप्प असतो. जुन्या २ मिनिटांच्या टायमरने ७:१४ लाच अंधार केला असता. आता दिवा चालू राहतो, कारण दार उघडलेलं नाही.

७:२४:३० ला दार उघडतं. खोली ‘खात्री नाही’वर जाते, दिवा चालूच. ७:२४:३४ ला मावशी बाहेरून दार ओढून घेते. पीआयआर पुढची काही सेकंदं तिचीच हालचाल सांगत राहतो, पण ७:२४:४२ पर्यंत त्याचं ऐकायचंच नाही. त्यानंतर २ मिनिटं शांतता. ७:२६:४२ ला ‘नाही’, आणि दिवा बंद.

दुपारी ३:४० ला ऊन झरोक्यात येतं. पीआयआर एकदा ओरडतो. दार सकाळपासून उघडलेलं नाही. हाक बाद, दिवा बंदच राहतो.

आता समजा, ती आत असताना फुगलेलं दार थरथरलं आणि दाराच्या सेन्सरने क्षणभर ‘उघडलं’ म्हटलं. एका सेकंदाच्या आत कुणी दार उघडून, बाहेर पडून, पुन्हा लावू शकत नाही. म्हणून ‘आहे’ हा निकाल मोडण्यासाठी दार सलग एक सेकंद उघडं दिसायला हवं. खोटी नोंद त्याहून लांबली, तरी दिवा तिथल्या तिथे विझत नाही. खोली फक्त ‘खात्री नाही’वर येते आणि पुढच्या दोन मिनिटांत एक हात हलला तरी पुन्हा ‘आहे’ ठरतं. एका खोट्या नोंदीने माणूस अंधारात जात नाही, एवढंच आपल्याला हवं होतं.

नातवाला अंघोळ घालून आई बाहेर आली आणि नातू आत राहिला, हेही यात बसतं. दार लागल्यावर पुन्हा लक्ष ठेवलं जातं आणि मूल काही दोन मिनिटं स्थिर बसत नाही.

हे कुठे चालणार नाही?

डब्याला एकच झाकण हवं आणि ते लागायला हवं. ऑफिसच्या ज्या मोठ्या टॉयलेटचं मुख्य दार दिवसभर हलत असतं, तिथे ही युक्ती उपयोगाची नाही. तिथल्या प्रत्येक छोट्या कप्प्याच्या दारावर मात्र ती चालते.

बाथरूम वाळावं म्हणून दार उघडं ठेवायची सवय अनेक घरांत आहे. दार उघडं असताना दाराच्या सेन्सरची साक्ष शून्य. तेव्हा एका हालचालीवर दिवा लावणं आणि शेवटच्या हालचालीनंतर ५ मिनिटांनी विझवणं, एवढंच करता येतं. खोट्या हाकेने अधूनमधून दिवा लागेल. ते मान्य करावं लागतं.

दार लोटून आत बसणाऱ्यांचंही तेच. आजी-आजोबांनी आतून कडी लावू नये असं आपणच सांगतो, आणि ते योग्यही आहे. पण कडी न लावता दार पूर्ण टेकलेलं असायला हवं. बसवल्यावर दार लोटून पाहा. डोळ्यांना ते लागलेलं दिसतं आणि मोबाइलवर ‘उघडं’ दिसत असेल, तर चुंबक जवळ सरकवा. उन्हाळ्यात बसवलं असेल, तर जुलैमध्ये हे पुन्हा तपासा.

दाराच्या सेन्सरची बॅटरी संपून तो ‘लागलेलं’ यावर अडकला, तर माणूस बाहेर गेला तरी ‘आहे’च राहील. म्हणून सेन्सरकडून बराच काळ काहीच निरोप आला नाही, तर त्याचं मत बाजूला ठेवून साध्या टायमरवर यायला हवं. आणि भिंतीवरचं साधं बटण चालू राहायलाच हवं. सगळं बिघडलं तरी दिवा हाताने लागला पाहिजे.

मग रडार सेन्सरच का घेऊ नये?

हा आक्षेप रास्त आहे. बाजारात आता सूक्ष्म हालचाल, अगदी श्वासाची हालचालही टिपणारे रडार सेन्सर मिळतात. स्थिर बसलेला माणूस त्यांना दिसतो. पण त्यांच्या लहरी प्लॅस्टिकच्या दारातून आणि पातळ भिंतीतून पलीकडेही जातात, त्यामुळे पॅसेजमधून चालणारा माणूसही त्यांना आतला वाटू शकतो. फिरणारा एक्झॉस्ट फॅन आणि हलणारा पडदाही त्यांना जिवंत वाटतो. म्हणजे साक्षीदार अधिक तीक्ष्ण झाला, पण एकटाच राहिला. रडार घ्यायचा तर जरूर घ्या, पण पीआयआरच्या जागी घ्या. दाराचा सेन्सर काढू नका.

दिव्यापलीकडचा प्रश्न

‘आहे’ ठरल्यानंतर दार ४५ मिनिटं उघडलं नाही आणि बराच वेळ हालचालही नाही, असं झालं तर? माझ्या मते दिवा तेव्हाही विझवू नये. त्याऐवजी घरातल्या कुणाच्या तरी फोनवर निरोप जावा. एक तर सेन्सर चुकला असेल, किंवा आतला माणूस पडला असेल. दोन्ही वेळा करायचं काम एकच : जाऊन दार वाजवायचं. अर्थात हे उपकरण वैद्यकीय नाही. आजारी माणसाच्या घरी त्याच्या भरवशावर राहू नये. पण जी यंत्रणा ‘हालचाल नाही’ म्हणजे ‘माणूस नाही’ असं समजते, ती नेमक्या या क्षणी, पडलेल्या माणसावरचा दिवा घालवते. हे मला सर्वांत जास्त खटकतं.

नव्या फ्लॅटमध्ये ‘सेन्सरचा दिवा’ ही सोय म्हणून दाखवली जाते. ती दाखवणाऱ्याला एकच विचारा : मी आत दहा मिनिटं न हलता बसलो, तर काय होईल? उत्तर ‘टायमर वाढवून देतो’ असं आलं, तर समजा की दाराला कुणी विचारलेलंच नाही.